आहारतज्ज्ञाचा रेझ्युमे : माझे पाच महिने आणि दोन पाने

सोलापूरच्या 120 खाटांच्या एका रुग्णालयात ऑगस्ट 2018 ते मार्च 2024 अशी पाच वर्षे आठ महिने आहारतज्ज्ञ म्हणून काम केल्यानंतर, यजमानांच्या बदलीमुळे मला पुण्याला यावे लागले. पुण्यात नोकरी शोधताना रेझ्युमे लिहिण्यास जून महिन्यात सुरुवात केली आणि 18 नोव्हेंबरला नव्या ठिकाणी रुजू झाले. आमच्या क्षेत्रातील मुली मला वरचेवर विचारतात की रेझ्युमेत नेमके काय लिहावे, म्हणून जे घडले ते क्रमाने नोंदवत आहे.

10 जून 2024 रोजी मी जुनाच रेझ्युमे थोडा झाडून-पुसून अकरा ठिकाणी पाठवला. तो तीन पानांचा होता. सुरुवातीला उद्दिष्टाचा एक परिच्छेद, मग दहावीपासूनच्या गुणांचा तक्ता, त्याखाली कामांची यादी. यादीतील ओळी इंग्रजीत होत्या. मराठीत सांगायचे तर ‘रुग्णांना समुपदेशन केले’, ‘उपचारात्मक आहार आखले’, ‘स्वयंपाकघरावर देखरेख केली’ अशा. शेवटी ‘आयडीएकडे नोंदणीकृत’ एवढीच ओळ. महिनाभरात अकरापैकी एकाच ठिकाणाहून फोन आला आणि त्या मॅनेजरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “तुम्ही आयडीएच्या सभासद आहात की आरडी आहात?” मी आरडी आहे असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “मग तसं लिहिलेलं का नाही? नंबरही नाही.” पुढे त्या पदासाठी माझा विचार झाला नाही, परंतु त्या प्रश्नामुळे मला सुरुवात कोठून करायची ते कळले.

हा फरक थोडा सविस्तर सांगते, कारण माझ्या ओळखीतील निम्म्या रेझ्युमेंत हीच चूक आहे. इंडियन डायटेटिक असोसिएशन, म्हणजे आयडीए, ही 1963 साली स्थापन झालेली व्यावसायिक संघटना आहे. तिचे सभासदत्व, मग ते आजीव असले तरी, शुल्क आणि शैक्षणिक पात्रता यांवर मिळते. रजिस्टर्ड डायटिशियन, म्हणजे आरडी, हे त्याच संघटनेच्या मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे वेगळे प्रमाणपत्र आहे आणि त्यासाठी रुग्णालयातील इंटर्नशिप लागते. त्यामुळे ‘आयडीएकडे नोंदणीकृत’ ही ओळ वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. उलट उमेदवार सभासदत्वालाच नोंदणी म्हणत आहे की काय, अशी शंका येते. मी आता दोन स्वतंत्र ओळी लिहिल्या आहेत: पहिली आरडीची, नोंदणी क्रमांक, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष आणि प्रमाणपत्राची मुदत यांसह, दुसरी सभासदत्वाची.

यात तिसरीही एक बाब आहे. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा 2021 साली झाला आणि त्याच्या अनुसूचीत आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा समावेश आहे. या कायद्याखालील राज्य परिषदेची नोंदणी ही कायदेशीर नोंदणी, आणि आरडी हे व्यावसायिक प्रमाणपत्र. एकाच्या जागी दुसरे लिहून चालत नाही. परिषदेचा क्रमांक माझ्याकडे नव्हता, म्हणून त्याची ओळच ठेवली नाही. ‘अर्ज प्रक्रियेत’ असे लिहिण्याचा मोह मला झाला होता, पण ज्याची पोचपावती हातात नाही ते लिहायचे नाही असे मी ठरवले.

नावाचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. पदवी आणि आरडी प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, तर आधार व पॅन सासरच्या नावाने आहे. रेझ्युमेच्या डोक्यावर मी सध्याचे नाव ठेवले आणि नोंदणीच्या ओळीतच ‘प्रमाणपत्रावरील नाव’ म्हणून माहेरचे नाव दिले, म्हणजे क्रमांक पडताळणाऱ्याला शोधत बसावे लागत नाही. विवाह नोंदणीचा दाखला होताच. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतले, त्याला 600 रुपये आले.

अनुभवाच्या दाखल्याने मात्र फार मनस्ताप दिला. मार्चमध्ये काम सोडताना मिळालेला दाखला मी नीट वाचलाही नव्हता. जुलैमध्ये फाईल लावताना पाहिले, तर त्यावर पद ‘किचन सुपरवायझर’ असे होते. त्या रुग्णालयाच्या वेतनपत्रकात आहारतज्ज्ञ हे पदच नव्हते, म्हणून माझा पगार त्या शीर्षाखाली निघत होता आणि दाखला वेतनपत्रकावरून तयार झाला होता. जवळजवळ सहा वर्षे वॉर्डात आणि ओपीडीत काढल्यानंतर कागदावर आपण तेथे नव्हतोच, हे वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही. 8 जुलैला मी ईमेलने दुरुस्तीची विनंती केली. 17 जुलैला आषाढी एकादशी होती आणि कार्यालयातील बरीच मंडळी पंढरपूरच्या वैद्यकीय शिबिरात गुंतलेली होती, त्यामुळे पंधरा दिवस उत्तर आले नाही. मग मी स्वतः सोलापूरला गेले आणि 2018 चे नियुक्तिपत्र दाखवले, ज्यावर ‘आहारतज्ज्ञ’ असे स्पष्ट लिहिले होते. सोबत कामाच्या स्वरूपाचा चार ओळींचा मसुदाही टंकून नेला होता. त्यांनी तोच मसुदा लेटरहेडवर घेतला आणि 2 ऑगस्टला सही-शिक्क्याचा नवा दाखला दिला. नियुक्तिपत्र जपून ठेवलेले असणे आणि मसुदा आपणच तयार करून नेणे, या दोन गोष्टींमुळे काम झाले. काम सोडण्याच्या दिवशीच दाखला टेबलावर उभ्या उभ्या वाचून घेतला असता, तर माझे पंचवीस दिवस वाचले असते.

सोलापूरच्या त्याच मुक्कामात माझ्या रेझ्युमेचे खरे काम झाले. इंटर्नशिपच्या वेळच्या माझ्या वरिष्ठ मॅडम आता तेथेच राहतात. त्यांना मी तीन पाने दाखवली. त्यांनी ‘रुग्णांना समुपदेशन केले’ या ओळीवर पेन ठेवला आणि म्हणाल्या, “हे कोणतीही डायटिशियन लिहू शकते. किती रुग्ण, कशाचे, किती वेळ, आणि परत किती आले? परत आले का, ते आधी बघ.”

वैद्यकीय अधीक्षकांची परवानगी घेऊन मी ओपीडीची रजिस्टरे पाहिली. अट एवढीच होती की तेथेच बसून मोजायचे, नावे उतरवायची नाहीत आणि फोटो काढायचे नाहीत. ती योग्यच होती. 2023 या एका वर्षाची तीन रजिस्टरे मोजण्यास दोन दुपारी लागल्या. त्या वर्षी माझ्याकडे 614 नवे रुग्ण आले होते. त्यांपैकी तीन महिन्यांच्या आत किमान एकदा परत आलेले 231 होते, म्हणजे शंभरातले अडतीसही नाहीत. मोजण्यापूर्वी मला विचारले असते तर मी निम्म्याहून अधिक परत येतात असे खात्रीने सांगितले असते. आपल्याला परत आलेले रुग्ण आठवतात, न आलेले आठवत नाहीत, हे मला त्या खुर्चीत बसून उमगले आणि वाईट वाटले.

हा आकडा लिहावा की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. मॅडमचे म्हणणे असे होते की समुपदेशनाचे मोजमाप करायचे असेल तर फॉलो-अपइतका सरळ आकडा दुसरा नाही, आणि ज्याला ओपीडी ठाऊक आहे त्याला तो कमी वाटणार नाही. शेवटी मी ओळ अशी लिहिली: वर्षभरात 614 नवे रुग्ण, प्रामुख्याने मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडविकार आणि गरोदरपणातील मधुमेह, पहिल्या भेटीत चोवीस तासांच्या आहाराची नोंद घेऊन 30 मिनिटे, पुढील भेटी 15 मिनिटांच्या, तीन महिन्यांत 231 रुग्णांचा फॉलो-अप, समुपदेशन मराठी, हिंदी आणि कामापुरत्या तेलुगूत. तेलुगूचा उल्लेख मला आधी सुचलाही नव्हता. सोलापुरात विणकर वस्तीतील कितीतरी रुग्ण घरी तेलुगू बोलतात आणि ओपीडीत बसून बसून मी ती शिकले होते. ही भाषा किंवा कन्नड, ज्यांना येते त्यांनी ती ‘भाषा’ या शीर्षकाखाली तळाशी न टाकता समुपदेशनाच्या ओळीतच घालावी, कारण तिचा उपयोग तेथे आहे.

रुग्णालयाच्या कामाचा भाग तुलनेने सोपा गेला. वाचणाऱ्याला आधी त्या जागेचा आकार कळावा लागतो: खाटा किती, कोणते विभाग, आहार विभागात माणसे किती. मी लिहिले की 120 खाटा, अतिदक्षता विभाग आणि आठ यंत्रांचा डायलिसिस विभाग असलेल्या रुग्णालयात मी एकटीच आहारतज्ज्ञ होते. दाखल झालेल्या रुग्णाची पोषणविषयक तपासणी चोवीस तासांत, रोज 25 ते 30 रुग्णांची राउंड, नळीवाटे आहार घेणाऱ्यांचे फीड आखणे आणि डिस्चार्जच्या वेळचा आहार तक्ता. तपासणी कोणत्या साधनाने करत होतो, तेही नावानिशी लिहिले. नुसते ‘स्क्रीनिंग’ म्हटले की मुलाखतीत हमखास पुढचा प्रश्न येतो, आणि नाव लिहिलेले असले की बोलणे तेथून पुढे सुरू होते.

आता आहार कार्यक्रमांविषयी. माझ्या जुन्या रेझ्युमेत नऊ कार्यक्रम होते: वजन कमी करणे, पीसीओएस, शाळेतील शिबिर, पोषण माह आणि असेच आणखी. मॅडमनी मला आठ काढायला लावले आणि एकच ठेवून तो पुरता लिहायला सांगितला. मी डायलिसिसचा निवडला, कारण त्याचे कागद होते.

फेब्रुवारी 2022 मध्ये आम्ही तो सुरू केला तेव्हा विभागात 42 रुग्ण होते. अडचण अशी होती की दोन डायलिसिसच्या मध्ये त्यांचे वजन, म्हणजे अंगात साठणारे पाणी, फार वाढे, आणि छापील तक्ता कोणी पाळत नसे. त्या तक्त्यात ‘पाणी मर्यादित’ असे लिहिलेले होते. मर्यादित म्हणजे किती, हे रुग्णाने कसे ओळखायचे? आम्ही प्रत्येकाची दिवसभराची लघवी मोजायला सांगितली आणि त्यात 500 मिली मिळवून ज्याचा-त्याचा आकडा काढला. एका विणकर आजींची लघवी 200 मिली होती, म्हणजे त्यांना दिवसाला 700 मिली. त्यांना मी एका बाटलीवर 700 ची रेघ ओढून दिली. सकाळी बाटली रेघेपर्यंत भरायची. पिण्याचे पाणी त्यातूनच घ्यायचे, आणि चहा, ताक किंवा पातळ आमटी घेतली की तेवढे पाणी बाटलीतून झाडाला ओतायचे. बाटली रिकामी झाली की दिवसाचे पाणी संपले. आजींना अक्षरओळख नव्हती, पण बाटली समजली. त्यांचे डायलिसिसनंतरचे वजन 54 किलो होते, म्हणून प्रथिने किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅमच्या हिशेबाने 54 ते 65 ग्रॅम हवी होती, आणि त्या तर ‘किडनी बिघडली म्हणून डाळ-अंडे बंद’ असे ऐकून सगळेच सोडून बसल्या होत्या. डायलिसिस सुरू होण्यापूर्वीचे पथ्य सुरू झाल्यानंतरही तसेच चालवले जाते, ही चूक मी फार वेळा पाहिली आहे. आम्ही त्यांना रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग, मोजकी डाळ आणि मासे सुरू केले. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकायचे, म्हणजे पोटॅशियम कमी होते, हे त्यांच्या सुनेला करून दाखवले. सर्वांत कठीण गेली ती शेंगाचटणी. मीठ आणि शेंगदाणे दोन्ही तिच्यात, शिवाय ती खाल्ली की तहान लागते; आणि सोलापुरात चटणीवाचून भाकरी गिळत नाही. पूर्ण बंद करण्याऐवजी आठवड्यातून दोनदा, बिनमिठाची, चिमूटभर, असे ठरले.

हे सारे रेझ्युमेत येत नाही. रेझ्युमेत परिणामाची एक ओळ येते, आणि त्या ओळीतच मी चुकणार होते. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते की सहा महिन्यांत दोन डायलिसिसमधील सरासरी वजनवाढ 3.1 किलोवरून 2.6 वर आली. अर्धा किलो! वाचायला फारच छान. पण कागद पुन्हा लावताना दिसले की 42 पैकी पहिल्या आणि सहाव्या अशा दोन्ही महिन्यांच्या नोंदी फक्त 23 जणांच्या होत्या. काही रुग्ण दुसऱ्या केंद्रात गेले, काहींच्या नोंदी अपुऱ्या होत्या आणि काही आता आपल्यात नाहीत. पुढे असेही दिसले की त्या 23 पैकी नऊ जणांचे डायलिसिस त्याच काळात आठवड्यातून दोनदाऐवजी तीनदा झाले होते. मधले दिवसच कमी झाले तर वजनवाढ आपोआप कमी होणार. तिचे श्रेय आहाराला देता येत नाही. ते नऊ वगळले आणि उरलेल्या चौदा जणांची सरासरी काढली, तर ती 3.0 वरून 2.7 वर आलेली होती. चांगला परिणाम होता, पण अर्ध्या किलोचा नव्हता.

मी चौदाच लिहिले: 42 रुग्णांसाठी वैयक्तिक द्रव व प्रथिन आराखडा, मराठी व तेलुगूतील चित्रतक्ता, डायलिसिसचे वेळापत्रक न बदललेल्या 14 रुग्णांत सहा महिन्यांत सरासरी वजनवाढ 3.0 किलोवरून 2.7 किलो. औषधे आणि डायलिसिसचे निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञांचे होते, म्हणून ‘मूत्रपिंडतज्ज्ञांसमवेत’ हा शब्दही घातला. चित्रतक्त्याची एक प्रत आणि कोऱ्या नोंदतक्त्याचा नमुना मी वेगळ्या फाईलमध्ये ठेवला. त्यात कोणत्याही रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक किंवा रिपोर्ट ठेवले नाहीत. नमुना म्हणून रुग्णाची खरी फाईल नेणाऱ्या उमेदवार मी पाहिल्या आहेत. तसे कदापि करू नये.

ऑगस्टअखेर रेझ्युमे दोन पानांचा झाला. पहिल्या पानाच्या वरच्या एक तृतीयांश भागात नाव, आरडी क्रमांक, एम.एस्सी. व सहा महिन्यांची इंटर्नशिप, त्याखाली रुग्णालय; दुसऱ्या पानावर समुपदेशन आणि एकच कार्यक्रम. उद्दिष्टाचा परिच्छेद, छंद, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि दहावी-बारावीचे गुण गेले. मार्च 2024 नंतरचा खंडही एका ओळीत लिहिला: ‘पुण्यास स्थलांतर’. खासगी क्लिनिकसाठी मी दुसरी प्रत केली, तिच्यात समुपदेशन पहिल्या पानावर आणि वॉर्डाचे काम दुसऱ्यावर घेतले, कारण त्यांना फीडपेक्षा फॉलो-अपशी कर्तव्य असते. छपाई, झेरॉक्स आणि फाईल मिळून 340 रुपये झाले; नोटरीचे 600 आणि सोलापूरच्या दोन फेऱ्या वेगळ्या.

सप्टेंबरमध्ये सात ठिकाणी पाठवले आणि तीन ठिकाणांहून बोलावणे आले. पहिल्या ठिकाणी पगार पूर्वीपेक्षाही कमी होता, दुसऱ्या ठिकाणी आहारासोबत पूरक पावडरींच्या विक्रीचे उद्दिष्ट होते. दोन्हींना नकार दिला. तिसरे एक मोठे रुग्णालय होते. तेथे 9 ऑक्टोबरला आधी अर्ध्या तासाची लेखी चाचणी झाली. एक प्रश्न असा की नळीवाटे आहार घेणाऱ्या रुग्णाला 1500 किलोकॅलरी द्यायच्या आहेत, फीड मिलीलीटरला एक किलोकॅलरी देते आणि दिवसात सहा फीड आहेत, तर वेळापत्रक लिहा. प्रत्येकी 250 मिली हे उत्तर सगळ्यांना येते. पण पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रा न देता हळूहळू वाढवायची आणि नळी धुण्याचे पाणी एकूण द्रवात धरायचे, हे लिहिले आहे का, ते पाहत होते असे नंतर कळले.

मुलाखतीत मूत्रपिंडतज्ज्ञ डॉक्टरांनी दुसरे पान उघडून विचारले, “बेचाळीस रुग्ण होते, मग चौदाच का?” मी वर लिहिले आहे तेच सांगितले. त्यांनी विचारले की वगळलेल्या नऊ जणांचे काय झाले. तेही मोजलेले असल्याने सांगता आले. पुढची वीस मिनिटे आम्ही आहारापेक्षा नोंदी कशा ठेवाव्यात यावरच बोललो. 614 आणि 231 वरही एक प्रश्न आला: “बाकीचे का आले नाहीत असं तुम्हाला वाटतं?” मी म्हणाले की त्यातील पुष्कळ जण बार्शी-अक्कलकोटकडून एका दिवसाची मजुरी बुडवून येणारे होते आणि त्यांना फोनवर गाठण्याची व्यवस्था मी केली नव्हती, ती करायला हवी होती.

त्यानंतर चार आठवडे काहीच कळले नाही. दिवाळी मध्ये आली. मी आठवड्याने एक ईमेल आणि दिवाळीनंतर एक फोन केला, त्याहून अधिक नाही. 7 नोव्हेंबरला पत्र आले. रुजू होण्याच्या दिवशी मूळ आरडी प्रमाणपत्र, दुरुस्त केलेला अनुभवाचा दाखला आणि नावाचे प्रतिज्ञापत्र या तिन्हींची मागणी झाली. कारकून दादांनी प्रमाणपत्रावरील क्रमांक रेझ्युमेतील क्रमांकाशी बोट ठेवून ताडून पाहिला आणि मगच झेरॉक्सवर शिक्का मारला.

नव्या टेबलावर पहिल्याच दिवशी मी एक दोनशे पानी वही ठेवली. तिच्यात नावे नाहीत. रोज संध्याकाळी पाच रकाने भरते: नवे रुग्ण, फॉलो-अप, ठरल्या दिवशी न आलेले, त्यांपैकी किती जणांना फोन केला आणि फोननंतर किती आले.